झाकणांच्या जोड्या लावून सम-विषम: पहिलीला शिकवताना या चुका टाळा

पाण्याच्या बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं गोळा करायला नाशकात फार फिरावं लागत नाही. रामकुंडाकडच्या चहावाल्याला आणि घराजवळच्या रसवंतीवाल्याला सांगून ठेवलं की आठवड्यात पिशवी भरते. घरी आणून साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजत घालायची आणि उन्हात वाळवायची. नाहीतर सरबताच्या बाटल्यांची झाकणं बोटांना चिकटतात आणि वर्गात मुंग्या येतात. काचेच्या बाटलीचे पत्र्याचे बिल्ले बाजूला काढा, त्यांची कड हाताला लागते. एका मुलाला १२ झाकणं पुरतात.

साहित्य एवढंच. तरीही पहिल्या वर्षी माझा हा तास पार फसला होता. मुलं चुकत होती, मी पुन्हापुन्हा तेच समजावत होते. नंतर लक्षात आलं की मुलं आपल्या परीने बरोबर होती, चूक मी वाटलेल्या झाकणांत आणि मी वापरलेल्या शब्दांत होती.

पहिली चूक: रंगीबेरंगी झाकणं वाटणं

एका मुलीसमोर ६ झाकणं होती, ३ निळी आणि ३ पांढरी. तिने निळ्याला निळं लावलं, पांढऱ्याला पांढरं लावलं आणि हात मांडीवर ठेवून बसली. समोर एक निळं आणि एक पांढरं तसंच पडलेलं.

"बाई, दोन उरली. ६ विषम."

"अगं, मग त्या दोघांची जोडी लाव ना."

"त्यांची कशी लागेल? ती वेगळी आहेत."

तिचं काय चुकलं? घरात जोडी म्हणजे चपलांची, मोज्यांची, कानातल्यांची. निळी चप्पल आणि पांढरी चप्पल घालून कोणी शाळेत येत नाही. "जोडी लावा" म्हटल्यावर तिने एकसारखं शोधलं, आणि शब्दाचा अर्थ तिच्याकडे तरी तोच होता.

ही चूक वर्गात पटकन दिसत नाही, कारण ती बऱ्याचदा झाकली जाते. झाकणं दोनच रंगांची असतील आणि संख्या विषम असेल, तर रंगाने जोड्या लावूनही एकच सुटं उरतं. ७ झाकणांत ४ निळी, ३ पांढरी: उरलं एक पांढरं, उत्तर बरोबर. सम संख्येतही ४ निळी आणि २ पांढरी आली तर सगळं जुळतं. फसतं ते दोन्ही रंग विषम आले की, म्हणजे ३ आणि ३, किंवा ५ आणि ३. म्हणून एखाद्या मुलाची विषम सगळी बरोबर येत असतील आणि सम मात्र कधी बरोबर, कधी चूक येत असतील, तर त्याची वही बघू नका. जोड्या लावताना त्याचे हात बघा. तो रंग जुळवत असतो.

यावर मी दोन गोष्टी करते. पहिले दोन दिवस एका मुलाला एकाच रंगाची आणि एकाच मापाची झाकणं द्यायची. पाण्याच्या मोठ्या जारचं झाकण चुकूनही मध्ये येऊ द्यायचं नाही, नाहीतर ते "बाबा" होतं आणि त्याला जोडीदार मिळतच नाही. दुसरं म्हणजे चपलांचा दाखला सोडून रांगेचा धरायचा. मधल्या सुट्टीत खिचडी घ्यायला जाताना आपण दोघं दोघं हात धरून जातो, तेव्हा शर्टाचा रंग कोण बघतं? शेजारी उभा आहे त्याचा हात धरायचा. हे कळल्यावर तिसऱ्या दिवशी रंग मुद्दाम मिसळून द्या. तेव्हाही निळ्या-पांढऱ्याचा हात बिनधास्त धरला, तर गोष्ट पोचली.

दुसरी चूक: "किती जोड्या झाल्या?" असं विचारणं

हा प्रश्न आपल्या तोंडात आपोआप येतो. माझ्या जुन्या कागदावर तर त्यासाठी वेगळा रकाना होता. आता तो रकाना मी काढून टाकला आहे.

१० झाकणं घ्या. मूल जोड्या लावतं, ५ होतात. ५ विषम आहे हे त्याला कालच कळलेलं असतं. मग १० च्या पुढे ते "विषम" लिहितं. ६ च्या ३ जोड्या होतात, म्हणून ६ पण विषम. ४ च्या २ आणि ८ च्या ४ जोड्या होतात, तिथे उत्तर योगायोगाने बरोबर येतं. विषम संख्येत सुटं झाकण समोर दिसतच असतं, त्यामुळे तिथेही चूक होत नाही. म्हणजे ज्याचे ४ आणि ८ बरोबर, पण ६ आणि १० चूक, ते मूल जोड्या मोजतंय.

वर्गात प्रश्न एकच ठेवा: "कोणी सुटं राहिलं का?" जोड्या ३ आहेत की ३०, याच्याशी आज आपलं काही देणंघेणं नाही. गुणाकाराच्या वेळी बघू.

तिसरी चूक: वर्गीकरणाच्या कागदावर १, २, ३, ४ असा क्रम

कागद साधा आहे. कोऱ्या कागदाला मधोमध घडी घाला. डाव्या बाजूला वर दोन-दोन झाकणांच्या तीन जोड्या काढा, उजव्या बाजूला तशाच जोड्या आणि शेवटी एक सुटं झाकण. खाली संख्यांच्या चिठ्ठ्या ठेवायच्या. "सम" आणि "विषम" हे शब्द पहिल्या दिवशी लिहूच नका, चित्र पुरतं. आधी मुलांना "सगळ्यांना जोडीदार" आणि "एक सुटं" म्हणू द्या. शब्द दुसऱ्या दिवशी द्या. तेव्हा कोणीतरी "विषम म्हणजे विष का?" असं विचारणारच, उत्तर तयार ठेवा. सम म्हणजे सारखं, आणि विषम म्हणजे जे सम नाही ते, इतकंच.

चिठ्ठ्या १ पासून १२ पर्यंत ओळीने दिल्या तर मुलं झाकणांना हातही लावत नाहीत. एक उजवीकडे, एक डावीकडे, एक उजवीकडे, पत्ते वाटल्यासारखं. सगळं बरोबर येतं आणि कळलेलं काहीच नसतं. माझ्या वर्गात हे तीन मिनिटांत घडलं होतं, आणि मी त्या कागदांवर खुशीत बरोबरच्या खुणाही केल्या होत्या!

आता मी या क्रमाने चिठ्ठ्या देते: ७, ३, ८, ५, १०, ४, ९, १, ६, ११. एक इकडे, एक तिकडे करत गेलं तर दुसऱ्याच चिठ्ठीला गाडी घसरते. शिवाय यात विषम ६ आणि सम ४ आहेत. "पाच-पाच व्हायला हवेत" असा हिशोब करून शेवटची चिठ्ठी ढकलणारी हुशार मुलं असतात, त्यांचीही सोय झाली. आणि सम म्हणून ८, १०, ४, ६ हेच घेतले आहेत, म्हणजे जोड्या मोजणारं मूल लगेच सापडतं.

चिठ्ठी ठेवण्याआधी तेवढी झाकणं मांडलीच पाहिजेत, हा नियम. डिंक शेवटी द्या. आधी दिला तर मूल चूक दिसली तरी चिठ्ठी उचलत नाही.

चौथी चूक: "शेवटी २, ४, ६, ८, ० असेल तर सम" हे आधी पाठ करून घेणं

घरून पालक हे करतात, प्रेमाने करतात. पण पहिलीच्या मुलाला "शेवटी" म्हणजे कुठे, हेच अजून पक्कं नसतं. १२ मध्ये त्याला आधी १ दिसतो, आणि ते ठामपणे "विषम" म्हणतं. अशा वेळी नियम पुन्हा सांगू नका, १२ झाकणं मांडायला लावा. आधी १० ची रांग लावू द्या. ती पुरी जोड्यांची होते, सुटं काहीच उरत नाही. म्हणजे पुढच्या २ चं काय होतं तेवढंच बघायचं. नियम यातून नंतर आपोआप निघतो.

इथे मराठी आपल्या मदतीला येते. एकोणीस म्हणजे विसाला एक उणे. दोन मुलांची झाकणं एकत्र करून २० ची जोड्यांची रांग लावा आणि तिच्यातून एक उचला. ज्याचा जोडीदार गेला तो सुटा पडला. एकोणीस विषम का, हे मुलांना दिसतं आणि ऐकूही येतं. एकोणतीस, एकोणचाळीस यांची तीच कथा. तेवढी झाकणं मांडायची गरज नाही, नुसतं बोलून दाखवा.

खेळ: एकी की बेकी

आपण चिंचोके मुठीत लपवून खेळायचो तोच. एकी म्हणजे विषम, बेकी म्हणजे सम. "एकी" म्हटल्यावर वर्ग फिदीफिदी हसतो, कारण "एकीला जाऊ का?" हे दिवसातून दहादा चाललेलंच असतं. हसून होऊ द्या, नाहीतर सरळ सम-विषम म्हणा.

चिंचोके मुठीत मावतात, झाकणं मावत नाहीत. पहिलीच्या मुलाच्या मुठीत तीन-चार कशीबशी बसतात आणि बोटांच्या फटीतून दिसतात. म्हणून मूठ नको, रुमाल घ्या. दोघांकडे १०-१० झाकणं. एकाने आपल्यातली काही रुमालाखाली सरकवायची, दुसऱ्याने एकी की बेकी ते सांगायचं. मग रुमाल उचलून जोड्या लावायच्या, आणि त्या सांगणाऱ्याने लावायच्या. लपवणाऱ्याला लावू दिल्या तर सुटं झाकण मांडीखाली जातं, हा अनुभव आहे. बरोबर आलं तर समोरच्याचं एक झाकण मिळतं, चुकलं तर आपलं एक द्यायचं. पाच मिनिटं पुरे, पुढे भांडणं होतात.

नुसत्या अंदाजावर निम्म्या वेळा बरोबर येणारच, त्यामुळे जिंकलेल्या झाकणांवरून कोणाला किती कळलं ते ठरवू नका. मी फिरता फिरता एखाद्या जोडगोळीजवळ थांबते आणि लावलेल्या जोड्यांशेजारी एक झाकण ठेवून विचारते, "आता?" ज्याला कळलंय तो नुसता शेवटाकडे बघतो. सुटं असेल तर त्याला जोडीदार मिळाला, नसेल तर हे नवीन सुटं. जो सगळं विस्कटून पुन्हा पहिल्यापासून जोड्या लावतो, त्याला उद्या परत वर्गीकरणाच्या कागदावर घ्यायचं.

तास संपला की झाकणं पिशवीत टाकतानाही दोन-दोनच टाकायला लावते. पिशवीतली एकूण संख्या मी समच ठेवली आहे. शेवटी एक सुटं उरलं की मुलं स्वतःच बाकाखाली शोधायला लागतात. दोन हरवली तर मात्र कोणालाच कळत नाही. ती दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी खिशातून निघतात.