तरुण कुत्र्याच्या फिट्स: चुकीच्या वेळी केलेली तपासणी आणि चुकीच्या दिवशी घेतलेले रक्त

सहा महिने ते सहा वर्षे या वयात पहिली फिट आलेल्या कुत्र्यांमध्ये इडिओपॅथिक, म्हणजे मेंदूत दिसण्याजोगा कोणताही बिघाड नसलेला अपस्मार सर्वाधिक आढळतो, हे खरे आहे. परंतु या वाक्याचा अर्थ ‘वय बसले म्हणजे निदान झाले’ असा लावणारे इतके भेटतात की आता त्याचा कंटाळा आला आहे. आंतरराष्ट्रीय पशुवैद्यकीय अपस्मार कार्यगटाने 2015 मध्ये निदानाची जी पहिली पायरी ठरवून दिली, तिच्यात वय ही केवळ एक अट आहे. किमान 24 तासांच्या अंतराने, कोणत्याही तात्कालिक कारणाशिवाय आलेल्या दोन फिट्स, दोन फिट्सच्या मधल्या काळात संपूर्णपणे निर्दोष असलेली मज्जासंस्थेची तपासणी, आणि रक्त व लघवीच्या तपासण्यांत काही न सापडणे या उरलेल्या अटी आहेत. यांपैकी ‘मधल्या काळात’ या दोन शब्दांकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, आणि ते मीही केलेले आहे.

चौदा महिन्यांची एक पग मादी दुसऱ्या फिटनंतर साधारण पाच तासांनी माझ्याकडे आणली गेली. तिच्या उजव्या डोळ्यासमोर हात नेला तर पापणी मिटत नव्हती, उजवा पुढचा पंजा उलटा टेकवून ठेवला तर तो सरळ करायला ती वेळ लावत होती, आणि खोलीत सोडल्यावर ती डाव्या बाजूने गोल फिरत होती. फिटनंतर काही तास, कधीकधी एक-दोन दिवससुद्धा, कुत्र्याला तात्पुरते न दिसणे, तोल जाणे, भान हरपल्यासारखे भटकणे हे सर्व होऊ शकते. त्यामुळे ‘हा फिटचाच परिणाम आहे’ असे मी लिहून ठेवले. रक्ताचे अहवाल निर्दोष आले, फिट्स दाबणारे फेनोबार्बिटल हे औषध सुरू केले आणि पुढच्या भेटीची तारीख दोन आठवड्यांनंतरची दिली. माझी चूक त्या पहिल्या नोंदीत नव्हती, कारण ती नोंद त्या क्षणी योग्यच होती. चूक ही झाली की तिसऱ्या दिवशी तिला पुन्हा बोलावून तीच तपासणी मी केली नाही.

दोन आठवड्यांनी तिच्या मालकीणबाई सहज बोलून गेल्या, “डॉक्टर, ही दारातून जाताना नेहमी उजव्या बाजूलाच आपटते.” या एका वाक्यात निदानाची दिशा होती. डोळ्यांच्या बाहुल्या प्रकाशाला नीट प्रतिसाद देत होत्या, म्हणजे डोळा आणि त्याची नस शाबूत होती. न दिसण्याचे कारण त्याहून आत, मेंदूत होते. पुढच्या मेंदूत एका बाजूला बिघाड असेल, तर दृष्टी आणि पंजांची जाणीव विरुद्ध बाजूची कमी होते आणि कुत्रा बिघाडाच्या बाजूला गोल फिरतो. उजवीकडचे न दिसणे, उजवे पंजे मंद आणि डावीकडे फेऱ्या ही तिन्ही लक्षणे डाव्या गोलार्धाकडे बोट दाखवत होती. एमआरआय आणि पाठीच्या मणक्यातून काढलेले पाणी यांत मेंदूचा दाह निघाला. पग जातीच्या तरुण कुत्र्यांत मेंदूच्या ऊती नष्ट करणारा दाह होतो हे पुस्तकात वाचलेले होते, आणि तरीही दोन आठवडे मी केवळ फिट्स दाबण्याचे औषध देत राहिलो. त्या दाहाला रोगप्रतिकारशक्ती आवरणारे उपचार लागतात, आणि ते जितके उशिरा सुरू होतात तितकी आशा कमी असते. आमच्या बाबतीत ती फार उरली नव्हती.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली आहे. फिटनंतर लगेच जे दिसेल ते लिहायचे, परंतु त्यावर मत बनवायचे नाही, आणि 48 ते 72 तासांनी तीच तपासणी त्याच क्रमाने पुन्हा करायची. दोन्ही बाजूंचा सारखाच गोंधळ निवळत गेला तर ठीक. एका बाजूचा दोष तिसऱ्या दिवशीही तिथेच असेल तर वय काहीही असो, एमआरआयविना पुढे जायचे नाही. फिट्सचे सत्र एकामागून एक येत असेल, पहिली फिट सहा महिन्यांच्या आत किंवा सहा वर्षांनंतर आली असेल, किंवा औषधाची पुरेशी पातळी गाठूनही फिट्स थांबत नसतील, तरीही हाच नियम. उलट बाजूची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. मेंदूच्या अगदी पुढच्या भागातील बिघाड बराच काळ कोणतेही लक्षण न देता राहू शकतो, म्हणून निर्दोष तपासणी ही शक्यता कमी करते, संपवत नाही.

वर्षाच्या आतील पिल्लात यकृताला वळसा घालणाऱ्या जन्मजात रक्तवाहिनीमुळे होणाऱ्या फिट्स इडिओपॅथिक म्हणून खपून जातात, कारण यकृताची नेहमीची एन्झाइम्स तिथे बहुधा फारशी वाढलेली नसतात. उपाशीपोटी आणि खाल्ल्यानंतर दोन तासांनी पित्ताम्ले तपासली की हा प्रश्न बहुतेक वेळा सुटतो. आणि हृदयाच्या दोषामुळे येणारी मूर्च्छा ही फिट नव्हे. मालकाने मोबाइलवर काढलेले चित्रीकरण माझ्या अर्ध्या तासाच्या प्रश्नोत्तरांपेक्षा अधिक उपयोगी पडते.

आता दुसरी चूक, जी पहिलीपेक्षाही अधिक वेळा होते, आणि जिच्यामागे अज्ञानापेक्षा घाई जास्त असते. फेनोबार्बिटल सुरू केल्यानंतर रक्तातील पातळी केव्हा पाहायची? सुरुवातीला कुत्र्याच्या शरीरातून हे औषध निम्मे होण्यास सुमारे तीन दिवस लागतात असे धरले, तर तिसऱ्या दिवशी अंतिम पातळीच्या निम्मी, सहाव्या दिवशी पाऊण आणि बाराव्या दिवशी 94 टक्क्यांच्या आसपास पातळी गाठली जाते. म्हणूनच पहिला नमुना दोन आठवड्यांनी घेतात. त्याआधी आलेला आकडा हा चढत्या शिडीवर मधेच काढलेला फोटो असतो.

दोन वर्षांच्या, 30 किलोच्या एका लॅब्राडॉरला दुसऱ्या एका दवाखान्यात 90 मिलिग्रॅम दिवसातून दोन वेळा, म्हणजे प्रत्येक वेळी किलोमागे 3 मिलिग्रॅम, असे अगदी योग्य प्रमाण सुरू केले होते. चौथ्या दिवशी पुन्हा फिट आली, घाबरून रक्त तपासले आणि पातळी 12 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटर आली. अहवालावर 15 ते 40 अशी मर्यादा छापलेली होती, म्हणून 12 हा आकडा ‘कमी’ ठरला आणि डोस थेट दुप्पट झाला. वास्तविक चौथ्या दिवशी 12 म्हणजे त्याच डोसवर दोन आठवड्यांनी साधारण 20, आणि थोडा धीर धरला असता तर तेवढ्यावरच निभावलेही असते.

एकोणिसाव्या दिवशी तो माझ्याकडे आला तेव्हा मागचे पाय एकमेकांत अडकत होते, जिना उतरता येत नव्हता, दिवसभर झोप आणि जाग आली की अन्नावर झडप. मालकांना सांगितले गेले होते की ही चाल पाहता मेंदूत गाठ असावी, तातडीने एमआरआय करून घ्या. मी त्याला चालवून पाहिले, हात डोळ्यासमोर नेला, पंजे उलटवले. तोल दोन्ही बाजूंना सारखाच जात होता, पापण्या दोन्ही डोळ्यांच्या मिटत होत्या, फेऱ्या नव्हत्या, एकाही बाजूचा पक्षपात नव्हता. मेंदूच्या एका जागी असलेला दोष सहसा असा समतोल राखत नाही, औषध मात्र राखते. त्याच दिवशी घेतलेल्या रक्तात पातळी 41 निघाली. पहिल्या दोन आठवड्यांत थोडी गुंगी आणि थोडे डगमगणे योग्य डोसवरही दिसते आणि आपोआप ओसरते, परंतु हे तसे नव्हते. पातळी 35 च्या वर बराच काळ राहिली तर यकृताला इजा होण्याचा धोका वाढतो, म्हणून तिला खाली आणणे भाग होते.

इथे अंदाजपंचे गोळ्या कमी करण्याची गरज नसते. फेनोबार्बिटलची पातळी डोसच्या साधारण प्रमाणात बदलते, म्हणून हवी असलेली पातळी भागिले सध्याची पातळी गुणिले सध्याचा दिवसाचा डोस, एवढे गणित पुरते. मला 25 हवी होती, होती 41, आणि दिवसाचा डोस होता 360 मिलिग्रॅम. उत्तर 220 च्या जवळ येते. गोळ्यांच्या सोयीने 105 मिलिग्रॅम दोन वेळा ठरवले, आणि अचानक घट केल्याने नवीन फिट्स सुरू होऊ नयेत म्हणून मध्ये एक आठवडा 135 मिलिग्रॅम दोन वेळा दिले. मालक मात्र रोज विचारत, “आज रक्त बघायचे का?” मी त्यांना कॅलेंडरवर तारीख लिहून दिली आणि त्याआधी सुई लावणार नाही असे सांगितले. दोन आठवड्यांनी पातळी 23 आली आणि कुत्रा जिना चढू-उतरू लागला. एमआरआय करावा लागला नाही.

नमुन्याविषयी थोडे. जेल असलेल्या नळीत रक्त ठेवले तर जेल औषध शोषून घेते आणि पातळी खोटी कमी दिसते. साधी लाल झाकणाची नळी वापरावी. सकाळच्या डोसआधीचा नमुना घेण्यावर वाद घालत बसू नये, कारण दिवसातून दोन वेळा औषध घेणाऱ्या बहुतेक कुत्र्यांत वेळेने फारसा फरक पडत नाही, परंतु दर वेळी एकाच वेळी घ्यावा, म्हणजे आकड्यांची तुलना करता येते. प्रयोगशाळा मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये आकडा देत असेल तर त्याला 4.3 ने भागावे. 100 हा आकडा पाहून घाबरलेले लोक मी पाहिले आहेत, तो प्रत्यक्षात 23 असतो. अल्कलाइन फॉस्फटेज हे यकृताच्या तपासणीतील एन्झाइम वाढले म्हणून औषध एकदम बंद करणे हा तर शुद्ध अविचार आहे. ते औषधामुळेच वाढते. यकृत खरोखर बिघडले आहे का हे पित्ताम्ले आणि अल्ब्युमिन सांगतात, आणि अचानक बंद केलेले औषध थांबवता न येणाऱ्या फिट्स आणू शकते.

त्या लॅब्राडॉरची हकिकत तिथे संपली नाही. दोन महिने शांततेत गेल्यावर त्याला पुन्हा फिट आली. मालकांनी एकही डोस चुकवलेला नव्हता, आणि ‘आता हे औषध चालेनासे झाले, दुसरे द्या’ अशी त्यांची मागणी होती. पोटॅशियम ब्रोमाइडची चिठ्ठी लिहिणे त्या क्षणी सोपे होते. परंतु त्याची पातळी स्थिरावण्यास अडीच ते तीन महिने लागतात, आणि पहिल्या औषधाची पातळी न पाहता दुसरे जोडले की पुढे कशाने काय झाले हे कोणालाच सांगता येत नाही. फिट आली त्याच दिवशी रक्त घेतले. दिवसाच्या त्याच 210 मिलिग्रॅमवर पातळी 23 वरून 17 वर आलेली होती. फेनोबार्बिटल स्वतःलाच विघटित करणारी यकृतातील एन्झाइम्स वाढवते, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत, कधी महिन्यांत, तोच डोस कमी पुरू लागतो. दोन आठवड्यांच्या नमुन्यानंतर सहाव्या आठवड्यात आणि पुन्हा तीन महिन्यांनी पातळी पाहतात ती यासाठीच, आणि सहा आठवड्यांचा नमुना त्यांच्याकडून राहून गेला होता. पुन्हा तेच गणित मांडले, 24 भागिले 17 गुणिले 210, म्हणजे सुमारे 296. डोस 150 मिलिग्रॅम दोन वेळा झाला. तिसऱ्या आठवड्यात दोन वेळच्या ज्या 180 ने तो लोळला होता, त्याच्या इतक्या जवळचा डोस पाहून मालक साशंक होते. दोन आठवड्यांनी पातळी 25 आली, आणि तो त्याच डोसवर जिन्यावरून धावत खाली आला.