तेरडा वाळवून फोटो पाठवताय? या चुका टाळा

दहिसरच्या एका उतारावरून आणलेला माझा पहिला तेरडा वर्तमानपत्रात दाबून वाळत ठेवला आणि चौथ्या दिवशी बाहेर काढला, तेव्हा काळं पडलेलं खोड हातात आलं आणि पानं कागदावरच राहिली. जात ओळखून घ्यायला त्याचा फोटो पाठवला, तर ओळखीच्या वनस्पतीशास्त्रज्ञ बाईंचा पहिलाच प्रश्न होता, "पानं एकाआड एक होती की समोरासमोर?" मला सांगता येईना. नेहमीच्या तेरड्याची पानं एकाआड एक येतात, त्याच्या काही रानटी भाऊबंदांची समोरासमोर. पानं गळली की हा पुरावाच जातो.

दोष तेरड्याच्या पाणीदार खोडाचा. दाबल्यावरही ते काही दिवस जिवंत राहतं आणि पानं टाकत जातं. म्हणून आता मी फुलं आधी काढून घेते, मग फांदी उकळत्या पाण्यात वीसेक सेकंद बुडवून कापडाने टिपते. जाड खोड उभं चिरते, पण पेरांना सुरी लावत नाही. मांडताना दोनतीन पानं उलटी ठेवायची, म्हणजे खालची बाजूही दिसते.

कागद रोज बदलूनही बुरशी येते, कारण श्रावणातल्या मुंबईत रद्दीसुद्धा दमट असते. घालायच्या आधी कागदावर गरम इस्त्री फिरवा. झाडावर मात्र नको! नमुना वाळला का, हे गालाला लावून बघा. गार लागला तर ओल बाकी आहे.

फुलांची चूक वेगळी. कागद बदलताना पाकळ्या फाटतात. दोनतीन फुलं टिश्यू पेपरच्या घडीत आडवी ठेवा, मागची बारीक वाकडी शेपटी बाजूने दिसेल अशी. ही घडी शेवटपर्यंत उघडायची नाही, फक्त बाहेरचे कागद बदलायचे. एखादं बोंडही हवं. नेहमीच्या तेरड्याचं बोंड लवदार असतं. मात्र पिकलेलं नको, हात लागताच फुटतं. आणि तेरड्याचा रंग तीन दिवस, तेव्हा तो ताज्या फुलावरूनच लिहून ठेवा. सोबत जागा आणि तारीखही लिहा. दादरला गौरीसाठी मिळणारी जुडी इथे कामाची नाही, ती कुठून उपटली हेच कळत नाही.

फोटोत फ्लॅश नको. पांढऱ्या कागदावर नमुना, शेजारी पट्टी, खिडकीचा उजेड आणि मोबाइल बरोबर वरून, कागदाला समांतर. तिरका धरला तर मापं चुकतात. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, तो फांदीच्या कडाच पुसतो. एक फोटो पूर्ण नमुन्याचा. मग पेर, पानाची खालची बाजू, फूल आणि बोंड यांचे जवळून. लव दिसावी म्हणून बोंडावर उजेड बाजूने पडू द्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. एरवी तो दाबला जातो आणि बाई मोठा करून बघतात, तेव्हा लवेच्या जागी नुसते चौकोन दिसतात.