एपॉक्सी ग्राउट कुठे, आणि फट किती?

टाइल्समधल्या सांध्यांत भरायचं सिमेंटचं ग्राउट पाणी आणि तेल शोषतं. म्हणून ओट्यामागचे सांधे पिवळट होतात, शॉवरखालचे काळे पडतात. या दोन जागी एपॉक्सीच, म्हणजे रेझिनचं ग्राउट घ्या. बाथरूमच्या उरलेल्या कोरड्या भिंतींना सिमेंटचं पुरतं. पण एपॉक्सी घट्ट असतं. टाइल्स एकमेकींना चिकटवून बसवल्या, तर ते सांध्यात उतरत नाही. वरवर राहतं आणि पुढे पापुद्र्यासारखं सुटतं. म्हणून टाइल्समध्ये फट ठेवणारे प्लॅस्टिकचे तुकडे, म्हणजे स्पेसर, भिंतीला २ मिमी आणि जमिनीला ३ मिमी लावून घ्या. टाइलच्या कडा कारखान्यात घासून सरळ केलेल्या नसतील, तर दोन्हीकडे ३. मिश्रण थोडं थोडंच कालवा आणि टाइलवर आलेला थर ओला असतानाच पुसा. वाळल्यावर तो धूसर डाग महाप्रयासाने निघतो. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात मात्र सिलिकॉन भरा, कारण तिथे हालचाल होते आणि ग्राउट तडकतं.