शेवटच्या दहा टक्क्यांत फोन जगवायचाय? अल्ट्रा पॉवर सेव्हिंगच्या या चुका टाळा

फोनची बॅटरी संपत आली की सगळ्या गोष्टी बंद करून फक्त फोन, मेसेज आणि मोजकी चार-सहा ॲप चालू ठेवणारा एक मोड बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये असतो. नाव कंपनीप्रमाणे बदलते. शाओमीत Ultra battery saver, ओप्पो-रिअलमी-वनप्लसमध्ये Super power saving mode, पिक्सेलमध्ये Extreme Battery Saver, तर सॅमसंगमध्ये Power saving च्या आत Limit apps and Home screen. जागाही व्हर्जननुसार हलते, म्हणून सेटिंग्जच्या सर्चमध्ये saver किंवा saving टाइप करून शोधणे सोपे. आयफोनमध्ये Low Power Mode आहे, पण ॲपना कुलूप लावणारा असा वेगळा मोड नाही.

मोड चालू केला म्हणजे आता रात्र निघाली, असे समजून लोक निर्धास्त होतात आणि तरीही फोन मध्यरात्री बंद पडतो. याची कारणे ठरलेली आहेत.

ॲपची यादी ऐनवेळी करणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक. मोडमध्ये गेल्यावर यादीत नसलेले ॲप उघडत नाही. तिकिटाचा स्क्रीनशॉट काढून ठेवला तरी तो गॅलरीत असतो, आणि गॅलरी यादीत नसेल तर टीसीसमोर तो दिसणारच नाही. पत्ता नोट्समध्ये, डॉक्टरांची चिठ्ठी ड्राइव्हमध्ये, पैसे यूपीआयमध्ये, सगळीकडे हीच गत. तीन टक्क्यांवर असताना मोडमधून बाहेर पडून ॲप जोडणे आणि पुन्हा आत जाणे म्हणजे स्क्रीन दोन-तीन मिनिटे पूर्ण उजेडात आणि प्रोसेसर पूर्ण वेगात. उरलेल्यातले बरेच तिथेच जाते.

म्हणून आजच, फोन भरलेला असताना, मोड एकदा चालू करा आणि अर्धा तास तसाच ठेवा. घड्याळ यादीत आहे का ते पाहा, नाहीतर पहाटेचा अलार्म वाजेलच याची खात्री नाही. दुसऱ्या फोनवरून व्हॉट्सॲप करा आणि स्क्रीन बंद असताना मेसेज येतो का ते बघा. यादीत असलेल्या ॲपचाही नेट काही फोन स्क्रीन बंद होताच तोडतात, त्यामुळे मेसेज तुम्ही फोन उघडल्यावरच दिसतो. तुमचा फोन असा असेल तर घरच्यांना आधीच सांगून ठेवा: अडचणीत व्हॉट्सॲप नाही, साधा कॉल किंवा एसएमएस करा.

यादीतल्या जागा मर्यादित असतात, तेव्हा ज्याचे काम एसएमएसवर भागते त्याला जागा देऊ नका. रेल्वेच्या आरक्षणाचा एसएमएस ओळखपत्रासोबत दाखवला की चालतो, मग तिकिटाचे ॲप कशाला? पैशांसाठी *99# डायल करून नेटशिवाय यूपीआय करता येते, एका वेळी 5,000 रुपयांपर्यंत. मात्र ते प्रत्येक नेटवर्कवर चालतेच असे नाही, म्हणून दहा रुपये पाठवून आधी खात्री करून घ्या. आणि खिशात थोडी रोकड असू द्या.

दोन-तीन टक्के उरल्यावर मोड चालू करणे

स्क्रीनवरचा टक्का हा फोनने केलेला अंदाज असतो. बॅटरी नवी असेल तर तो बऱ्यापैकी खरा. दोन-तीन वर्षे वापरलेल्या बॅटरीचा आतला रोध वाढलेला असतो. अशा बॅटरीतून एकदम जास्त करंट मागितला की व्होल्टेज खाली बसते आणि सात टक्के दाखवत असलेला फोन झटक्यात बंद होतो. फ्लॅशसह फोटो काढताना, व्हिडिओ कॉल जोडताना किंवा रेंज कमी असताना कॉल लावताना असा फोन गेला, तर बिघाड बहुधा बॅटरीतच आहे. मोडने तो बरा होत नाही, बॅटरी बदलावी लागते. तोवर जुन्या फोनवर मोड 20 टक्क्यांना आणि चांगल्या फोनवर 12 ते 15 टक्क्यांना चालू करावा. शेवटचे तीन टक्के हिशेबात धरूच नयेत.

रेंज नसताना मोडवर विसंबणे

हा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण फोन बंद पडण्याचे खरे कारण बहुतेक वेळा इथे असते. मोड स्क्रीन मंद करतो, प्रोसेसरचा वेग कमी करतो, मागे चालणारी ॲप थांबवतो. पण कॉल यायचा तर नेटवर्कचा रेडिओ चालूच ठेवावा लागतो. टॉवर जवळ असेल तर हा रेडिओ फारच थोडे खातो. टॉवर लांब असेल तर तो जोर लावून सिग्नल पाठवतो, आणि रेंज येत-जात असेल तर सतत शोधत राहतो. हा खर्च मोडला कमी करता येत नाही. सॅमसंगने 2014 मध्ये गॅलेक्सी एस5 मध्ये हा मोड आणला तेव्हा 10 टक्क्यांवर 24 तास स्टँडबाय मिळेल असे सांगितले होते. स्टँडबाय म्हणजे फोन नुसता पडून राहिलेला. घाटात रेंज शोधणाऱ्या फोनकडून ती अपेक्षा ठेवता येत नाही.

एक उदाहरण आकड्यांत पाहू. पावसाळ्यात कराडहून चिपळूणला निघालेली गाडी कुंभार्ली घाटात दरडीमुळे अडकली. संध्याकाळचे 7 वाजलेत, रस्ता सकाळी 7 च्या सुमारास मोकळा होईल असे धरा. फोनची बॅटरी 5,000 एमएएच, शिल्लक 12 टक्के, म्हणजे 600. शेवटचे तीन टक्के सोडले की वापरायला 450 उरतात. पुढचे आकडे अंदाजाचे आहेत, फोनप्रमाणे कमी-जास्त होतील.

रेंज एक काडी असताना नेहमीसारखा चालू फोन तासाला 100 च्या आसपास खातो. साडेचार तासांत, म्हणजे रात्री साडेअकराला संपला. अल्ट्रा मोड लावला पण रेडिओ अखंड चालू ठेवला तर तासाला साधारण 50, म्हणजे पहाटे 4 पर्यंत. अजून तीन तास कमी पडतात. आता मोडसोबत एअरप्लेन मोडही वापरा: तासातली 50 मिनिटे रेडिओ बंद आणि 10 मिनिटे चालू. 50 मिनिटांत चारेक एमएएच, 10 मिनिटांत नेटवर्क शोधण्यासकट दहाएक. तासाला 14, बारा तासांना 170. शिल्लक 280. कमी रेंजमधला कॉल तासाला 250 च्या हिशेबाने धरला तरी तासभर बोलण्याइतकी बॅटरी हातात राहते.

ही युक्ती चालायची तर घरच्यांना ती ठाऊक हवी. पहिलाच एसएमएस स्पष्ट असू द्या: कुठे आहोत, किती माणसे आहेत, आणि दर तासाच्या ठोक्याला दहा मिनिटे फोन चालू असेल. हे सांगितले नाही तर बंद फोन लागत नाही म्हणून तिकडे घबराट होते. तातडी असेल तर मात्र वाट पाहू नका. एअरप्लेन मोड काढून लगेच 112 लावा. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर मिळत असेल तर हा कॉल त्यावरून जाऊ शकतो.

दोन सिम असतील तर ज्याला रेंज नाही ते बंद करा, नाहीतर ते सिम सतत नेटवर्क शोधत बसते. 5जी येत-जात असेल तर नेटवर्कची पसंती 4जी वर आणा. या दोन्ही गोष्टी मोडमध्ये शिरण्याआधी कराव्यात, कारण काही फोनमध्ये आत गेल्यावर सगळी सेटिंग्ज हाताशी राहत नाहीत.

एअरप्लेन मोडऐवजी फोन पूर्ण बंदच ठेवला तर? फोन सुरू होताना मिनिटभर प्रोसेसर आणि स्क्रीन जोरात चालतात आणि एका वेळेला 12 ते 15 एमएएच जातात. एअरप्लेन मोडमध्ये तेवढे जायला सुमारे तीन तास लागतात. म्हणून तासा-दोन तासांच्या खंडासाठी एअरप्लेन मोड, आणि थेट सकाळीच लागणार असेल तर फोन बंद. चार टक्क्यांच्या खाली मात्र बंद करू नका. इतक्या कमी बॅटरीवर बरेच फोन चार्जरशिवाय परत सुरूच होत नाहीत.

लाइव्ह लोकेशनवर भरवसा

मोड लागला की मागे चालणारे लोकेशन थांबते. समोरच्याला तुमचे जुने ठिकाणच दिसत राहते आणि तुम्ही अजून तिथेच आहात असे वाटते. शोधायला माणसे निघणार असतील तर यात धोका आहे. मोड लावण्याआधी मॅप उघडा, निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरा, आणि वर येणारे अक्षांश-रेखांशाचे दोन आकडे एसएमएसने पाठवा. दशांशापुढचे चार अंक पुरतात, त्यात चूक दहा-बारा मीटरची राहते. जीपीएसला नेट लागत नाही, त्यामुळे नकाशा कोरा दिसला तरी आकडे मिळू शकतात. सोबत जवळचा किलोमीटरचा दगड किंवा गावाचे नावही लिहा.

टॉर्च आणि हॉटस्पॉट

मोडमध्येही टॉर्च बहुधा चालतो, आणि लोक तो गाडीत दिव्यासारखा लावून ठेवतात. तासभर टॉर्च म्हणजे दीडशेच्या आसपास एमएएच, वरच्या उदाहरणातल्या जवळपास अख्ख्या रात्रीचा खर्च. हॉटस्पॉट तर मोड लागला की बंदच होतो अशी बऱ्याच फोनमध्ये सोय आहे. तो लागावा म्हणून मोडमधून बाहेर पडू नका. गाडीत चार फोन असतील तर एकच चालू ठेवा, बाकीचे बंद करून राखून ठेवा.

चार्जिंग मिळाल्यावर

काही फोन चार्जर लावल्यावर किंवा ठरावीक टक्क्यांनंतर मोडमधून आपोआप बाहेर येतात, काही येत नाहीत. काळ्या होम स्क्रीनवर कोपऱ्यात Exit असते. ते सापडत नसेल तर वरून पट्टी खाली ओढा आणि पॉवर सेव्हिंगचे बटण बंद करा. दोन्ही जमत नसेल तर फोन रीस्टार्ट करून पुन्हा बघा. बाहेर आल्यावर पहिली पाच मिनिटे अडकलेले सगळे मेसेज आणि मेल एकदम येतात, फोन तापतो आणि बॅटरी चढत नाही असे वाटते. तेवढ्यात चार्जर काढू नका. नंतर एकदा सिंक, दुसरे सिम, 5जी, ब्लूटूथ आणि स्क्रीन बंद होण्याची वेळ तपासा. मोडआधी हाताने बदललेले सेटिंग फोन आपणहून पूर्ववत करत नाही. दुसऱ्या दिवशी सिम-दोनवर ओटीपी येत नसेल तर बँकेला फोन लावण्याआधी ते सिम चालू केलेय का ते बघा.