रनिंग गॅग शेवटाकडून कसा आखावा

लांब विनोदी पटकथेत एखादी गंमत लिहिता लिहिता सुचते, मग आपण ती जमेल तिथे पुन्हा वापरतो. असे गॅग बहुधा तिसऱ्या खेपेलाच थकतात, कारण त्यांना कुठे पोहोचायचं आहे हे ठरलेलंच नसतं. म्हणून आधी शेवट ठरवा.

१२० पानांची पटकथा धरू. कळसाला खलनायक भाड्याच्या घरात घुसतो आणि नायिका त्याला अडकवते. कशानं? न्हाणीघराच्या कडीनं. आतून लावली की ती अडकते, बाहेरून दार ढकलल्याशिवाय सुटत नाही. नायिका अदबीनं म्हणते, “आधी हात धुऊन घ्या ना.” हे झालं पान १०४.

आता मागे या आणि पेरणी करा. पान ६ वर घरमालक पाच-सहा सूचना देतो: पाणी किती वाजता येतं, गच्चीची किल्ली कुठे असते, आणि मधेच, “ती कडी जरा बेतानं लावा.” कडी सूचनांच्या मधोमध हवी. शेवटी ठेवलीत तर प्रेक्षकाच्या लक्षात राहते आणि पुढचं तो ओळखतो. हसू हवंच असेल तर ते गच्चीच्या किल्लीवर आणा.

मधल्या खेपा ठरवताना प्रत्येक वेळी कोणाला काय माहीत आहे, ते बदला. पान १९ वर नायक अडकतो, तेव्हा आपणही त्याच्याइतकेच बेसावध असतो. पान ४१ वर त्याचा साहेब अडकतो. आता नायकाला सगळं माहीत आहे, पण बाहेर चाललेलं बोलणं साहेबाच्या कानावर जाऊ नये म्हणून तो टीव्हीचा आवाज वाढवतो. पान ६३ वर दारही दाखवू नका. पाहुणी “आलेच हं” म्हणून उठते, नायक-नायिका एकमेकांकडे बघतात, दृश्य संपलं. इथे उरलेला विनोद प्रेक्षक स्वतःच पुरा करतो, आणि मला ही खेप सगळ्यांत आवडते.

पान ६३ ते १०४ हे अंतर मुद्दाम सर्वांत मोठं ठेवलंय. या ४१ पानांत कडीचं नावही नको. ती विस्मरणात गेल्यावर परतली, तरच खरा कॉलबॅक होतो.

हे सगळं एका तक्त्यात मांडा: पान, कोण अडकलं, कोणाला माहीत होतं, या खेपेला नवं काय. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर ती खेप काढून टाका. पुनर्लेखनात दृश्यं हलतात तेव्हाही तक्ता पुन्हा तपासा. पान ६ चं दृश्य लांबतंय म्हणून कापलं आणि सूचना त्याबरोबर गेली, तर पान १९ वरची कडी उपटसुंभ वाटते.

पहिला खर्डा कोणाला तरी एका बैठकीत वाचायला द्या आणि नंतर विचारा, कडी नेमकी कधी आठवली? “हात धुऊन घ्या” वाचताना आठवली असेल तर अंतर बरोबर आहे. खलनायक घरात शिरतानाच आठवली असेल, तर पान ६३ ची खेप आणखी मागे न्या. आणि दार अडकल्यावरही आठवली नसेल, तर पान ४१ चा प्रसंग थोडा वाढवा.