निय्यतवाल्या हदीसची तखरीज: "बुखारी, क्रमांक १" लिहून मोकळं होऊ नका

हदीस शिकायला लागलं की पहिली तखरीज बहुतेक याच हदीसची करायला लावतात, "इन्नमल आमालु बिन्निय्यात", कर्मं निय्यतीवर अवलंबून असतात. सगळ्यांना लहानपणापासून पाठ असते, आपल्याकडं मशिदीतल्या बयानात दर काही दिवसांनी ऐकू येते, त्यामुळं वाटतं एका संध्याकाळचं काम आहे. नाहीये. मला या एका हदीसनं जेवढं दमवलं तेवढं नंतरच्या कुठल्याच हदीसनं नाही दमवलं, आणि ज्या जागी मी अडकले तिथेच दरवर्षी नवीन मुलंमुली अडकताना बघते, म्हणून हे सविस्तर लिहितेय. सनद म्हणजे काय, मत्न म्हणजे काय, रावी कोण, हे तुम्हाला माहिती आहे असं धरून चाललेय.

आपल्याला पाठ असलेली हदीस साधारण अशी: कर्मं निय्यतींवर आहेत आणि प्रत्येकाला त्यानं जी निय्यत केली तेच मिळणार. मग ज्याची हिजरत अल्लाह आणि त्याच्या रसूलकडे असेल त्याची हिजरत अल्लाह आणि रसूलकडेच, आणि ज्याची हिजरत दुनिया मिळवायला किंवा एखाद्या बाईशी निकाह करायला असेल त्याची हिजरत ज्यासाठी केली त्याचकडे. हे सगळं लिहायचं आणि खाली "सहीह बुखारी, हदीस १" असं टाकायचं, बरोबर? पोस्टर्सवर हेच असतं, फॉरवर्डमध्ये हेच असतं.

आता सहीह बुखारी उघडा आणि पहिली हदीस अरबीत एकेक शब्दावर बोट ठेवून वाचा. त्यात मधलं वाक्य नाहीये. "ज्याची हिजरत अल्लाह आणि रसूलकडे" हा अख्खा तुकडा तिथे गायब आहे, "प्रत्येकाला त्यानं जी निय्यत केली तेच" यावरून मजकूर थेट दुनिया आणि बाईवर जातो. म्हणजे पूर्ण मजकूर लिहून खाली क्रमांक १ टाकलात की संदर्भ चुकला, कारण तुम्ही जे लिहिलंय ते त्या जागी नाहीच. तपासणारा कडक असेल तर पान तिथेच परत येतं, आणि यायलाच पाहिजे.

घाबरू नका, हदीस कुठे हरवलेली नाही. इमाम बुखारींनी ती एकूण सात जागी घेतलीय आणि ते वाक्य त्याच किताबात दुसरीकडे आहे. हे क्रमांक प्रचलित छापील आवृत्तीचे आहेत, तुमच्या आवृत्तीत वेगळे निघाले तर गोंधळू नका, किताबचं नाव बघा: वह्यच्या सुरुवातीच्या भागात १, ईमानमध्ये ५४, गुलामांच्या मुक्ततेत २५२९, अन्सारच्या मनाकिबमध्ये ३८९८, निकाहमध्ये ५०७०, शपथा आणि नवसांमध्ये ६६८९, आणि हियल म्हणजे कायद्यातल्या पळवाटांच्या किताबमध्ये ६९५३. साती जागा एका कागदावर शेजारी शेजारी उतरवून काढा, हातानं, कॉपी पेस्ट नको. ५४ वर ते वाक्य सापडेल, पण सुरुवात थोडी वेगळी, तिथे "इन्नमा" नाही आणि निय्यत एकवचनात. ३८९८ वर दोन्ही वाक्यं आहेत पण क्रम उलटा, आधी दुनिया आणि बाई, मग अल्लाह आणि रसूल. ६९५३ ची सुरुवात "या अय्युहन्नास", हे लोकहो, अशी. आपल्याला जो मजकूर पाठ असतो, अनेकवचनी निय्यात आणि शिवाय दोन्ही वाक्यं, तो तसाच्या तसा या सातांपैकी कुठेच नाही. इमाम नववींच्या चाळीस हदीसांत पहिलीच म्हणून तो आहे, आपल्या तोंडात बसलाय तो बहुतेक तिथून, आणि नववी खाली बुखारी आणि मुस्लिम दोघांचं नाव देतात ते मूळ हदीस दोघांकडे आहे या अर्थानं, शब्दन् शब्द जुळतो या अर्थानं नाही.

मग क्रमांक १ मध्ये वाक्य कुणी गाळलं? इथे सनद कामाला येते. तिथे बुखारींचे उस्ताद आहेत मक्केचे हुमैदी, आणि हुमैदींचा स्वतःचा मुस्नद छापलेला उपलब्ध आहे. तो काढून बघा, त्यात तीच सनद आणि वाक्य पूर्ण आहे. म्हणजे हुमैदींकडे ते होतं. त्यामुळं शरह लिहिणाऱ्यांनी यावर बरीच चर्चा केलीय, इब्न हजर फत्हुल बारीत एक उत्तर असं नोंदवतात की इमाम बुखारींनी स्वतःच ते इथे घेतलं नसावं, कारण किताबच्या अगदी तोंडाशी ते वाक्य ठेवलं असतं तर माझी निय्यत शुद्ध आहे असा स्वतःबद्दलचा दावा केल्यासारखं झालं असतं. मला हे उत्तर मनापासून पटतं, पण तखरीजमध्ये ते "एक मत" म्हणूनच लिहा.

त्याच सनदेत अजून एक जागा आहे जिथे पाय घसरतो, ती म्हणजे "सुफयान". क्रमांक १ मध्येही सुफयान, २५२९ मध्येही सुफयान, पण माणसं दोन. पहिले सुफयान बिन उयैना, दुसरे सुफयान सौरी. ओळखायचं शिष्यावरून: हुमैदी हे इब्न उयैनांचे खास शिष्य, आणि सौरींचा इंतकाल हिजरी १६१ चा, हुमैदींचा २१९ चा, तिथे सौरी बसतच नाहीत. २५२९ वर शिष्य आहेत मुहम्मद बिन कसीर, ते सौरींकडून घेतात. तसंच "यहया बिन सईद" दिसलं की लगेच कत्तान समजू नका, या हदीसचे यहया हे मदीनेचे अन्सारी, कत्तान त्यांच्या नंतरच्या पिढीचे. ॲपमध्ये नावावर टिचकी मारली की चरित्र उघडतं आणि कधीकधी भलत्याच माणसाचं उघडतं, म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पहिलं वर्ष तरी ॲप फक्त जागा शोधायला वापरा, रावी ठरवायला नाही.

आता सनदेचं मुख्य अंग. पैगंबरांकडून (स.) हजरत उमर (रजि.), त्यांच्याकडून अल्कमा बिन वक्कास लैसी, त्यांच्याकडून मुहम्मद बिन इब्राहीम तैमी, त्यांच्याकडून यहया बिन सईद अन्सारी. इथपर्यंत एकच धागा. यहयांचा इंतकाल हिजरी १४३ च्या आसपासचा, म्हणजे शंभराहून जास्त वर्षं ही हदीस सहीह सनदेनं एकेकाच माणसाकडून पुढे आलीय. आणि यहयांपाशी आल्यावर एकदम फुटते: मालिक, दोन्ही सुफयान, हम्माद बिन जैद, लैस बिन साद, अब्दुल वह्हाब सकफी, अब्दुल्लाह बिन मुबारक, यजीद बिन हारून, किती नावं घ्यावीत. सातशे शिष्यांकडून मिळाली असंही एकाचं म्हणणं नोंदलेलं आहे, पण इब्न हजर सांगतात की मी शोधून शोधून शंभरही भरले नाहीत. कागद आडवा धरून हे काढा, खाली एक सरळ रेघ आणि वर झाडासारख्या फांद्या. हे चित्र एकदा डोळ्यासमोर आलं की "इतकी प्रसिद्ध हदीस म्हणजे मुतवातिरच असणार" असं तुम्ही कधी लिहिणार नाही. ती गरीब आहे, आणि तरी सहीह आहे. गरीब म्हणजे कमजोर नव्हे, एका टप्प्यावर एकच रावी, एवढंच. तिर्मिजी आपल्या सुननमध्ये ती जिहादच्या फजाइलमध्ये (१६४७) घेतात, हसन सहीह म्हणतात आणि लगेच लिहितात की ही आम्हाला यहया बिन सईद यांच्याकडूनच माहिती आहे. दोन्ही गोष्टी एका दमात.

अल्कमा सांगतात की मी हजरत उमरना मिंबरवर हे बोलताना ऐकलं. मग प्रश्न येतोच, मिंबरवर सांगितलं तर मशिदीतल्या बाकीच्यांनी का नाही पुढे सांगितलं? हा प्रश्न पडला म्हणून अपराधी वाटून घेऊ नका, मुहद्दिसांनीही तो घेतलाय. पण त्याचं उत्तर म्हणून दुसरी सनद कुठून तरी आणून जोडू नका, हे मात्र मी जोरात सांगते. कारण अशी एक सनद तयार सापडते: अब्दुल मजीद बिन अबी रव्वाद, मालिककडून, ते जैद बिन अस्लमकडून, ते अता बिन यसारकडून, ते अबू सईद खुदरींकडून (रजि.). दिसायला सुंदर, सगळी मोठी नावं, बघितल्यावर वाटतं खजिना मिळाला, हदीस आता एकट्या उमरची राहिली नाही. पण मालिकचे बाकीचे शिष्य काय सांगतात ते बघा. कानबी, यहया बिन कजआ, सगळे मालिककडून यहया बिन सईद आणि पुढे उमरपर्यंत जातात. एकटे अब्दुल मजीद वेगळ्या वाटेनं जातात. अबू हातिम राझींनी या सनदेला सरळ बातिल म्हटलंय आणि खरी सनद उमरवालीच आहे असं सांगितलंय. जैद, अता, अबू सईद ही मालिककडची नेहमीची वाट, जीभ सवयीनं तिकडे वळली असणार असं मला वाटतं. एका शिष्याची वाट बाकी सगळ्यांपेक्षा वेगळी निघाली की थांबायचं, हे मी याच सनदेवर शिकले.

बाकी संग्रह पटकन सांगते. मुस्लिममध्ये इमारतच्या किताबमध्ये १९०७, अबू दाऊदमध्ये तलाकमध्ये २२०१, नसाईमध्ये तीन जागी (तहारत, तलाक, शपथा), इब्न माजामध्ये जुहदमध्ये ४२२७, मुस्नद अहमदमध्ये हजरत उमरच्या भागात. मालिक इतक्या ठिकाणी रावी आहेत म्हणून "मुवत्ता" लिहायचा मोह होईल, पण आपल्याकडं जी मुवत्ता सहसा मिळते ती यहया लैसींची, तिच्यात ही हदीस नाही. मुहम्मद बिन हसन शैबानींच्या रिवायतीच्या मुवत्तामध्ये आहे. लिहायचं तर रिवायतीच्या नावासकट लिहा, नाहीतर सोडून द्या.

शेवटचं, उम्मे कैसची गोष्ट. एका माणसानं उम्मे कैस नावाच्या बाईशी लग्न करायला हिजरत केली, लोक त्याला मुहाजिर उम्मे कैस म्हणायचे, आणि त्याच्यावरूनच पैगंबरांनी (स.) ही हदीस सांगितली, असं बयानात सर्रास ऐकायला मिळतं. गोष्ट इब्न मसऊदकडून (रजि.) आलेली आहे, तबरानींकडे आहे, सनद चांगली आहे. पण इब्न हजर स्पष्ट लिहितात की ही हदीस त्या प्रसंगावरून सांगितली गेली असं त्या रिवायतीत कुठेही नाही. तबरानींचा मजकूर वाचा, निय्यतवाली हदीस त्यात येतच नाही. गोष्ट लिहायला हरकत नाही, "म्हणून" हा शब्द तेवढा लिहू नका.

आणि पहिल्या ओळीचा संदर्भ कसा द्यायचा हे विचाराल तर पूर्ण मजकूर हवा असेल तेव्हा बुखारीतली ५४ घ्या, मालिकच्या सनदेनं, आणि शब्द तिथलेच ठेवा. क्रमांक १ घ्यायचा असेल तर मधलं वाक्य न घालता जसंच्या तसं उतरवा आणि खाली एका ओळीत लिहा की हुमैदींच्या मुस्नदमध्ये हे वाक्य पूर्ण आहे. ती एक ओळ असली की तपासणाऱ्याला कळतं तुम्ही दोन्ही किताबं उघडून बघितलीत.