जोडीने सेमिनार देताय? प्रश्नांच्या तयारीत या चुका टाळा (ज्युनियर पार्टनरला पत्र)

अगं ऐक,

आपल्या क्षारपड जमिनीवरच्या सेमिनारची पीपीटी बघितली, स्लाइड चांगल्या झाल्यात, त्यात आता काही बदलू नको. पण तू खाली जी "संभाव्य प्रश्न" म्हणून यादी लावलीस ना, ती सगळी व्याख्यांची आहे, क्षारपड म्हणजे काय, चोपण म्हणजे काय वगैरे, आणि हे असलं कोण विचारतंय सांग की. समोर आपले सर असणार, आणि वाळवा-मिरजेकडचे शेतकरी असणार ज्यांच्या स्वतःच्या रानात पांढरं फुटलंय. त्यांचे प्रश्न वेगळे असतात, म्हणून भागाभागाने लिहितेय, आणि कुठं चूक होते तेही.

सगळ्यात पहिली चूक म्हणजे "माझा भाग माझा, तुझा भाग तुझा" अशी वाटणी करून तयारी करायची. नमुने तू सांगणार, वर्गीकरण मी, उपाय परत तू. पण प्रश्न येतात ते या तिघांच्या सांध्यावर. तू नमुना कसा घेतला ते सांगितलंस आणि मी त्यावरून जमीन कुठल्या प्रकारची ते ठरवलं, तर विचारणारा विचारणार की त्या नमुन्यावरून हे ठरवता येतं का, आणि तेव्हा आपण दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसणार. म्हणून माझ्या भागाचे प्रश्न तू पण वाच.

पहिल्या भागात दोनच प्रश्नांची नीट तयारी कर. एक, नमुना कधी घेतला. उन्हाळ्यात खालचं खारं पाणी मातीतून वर चढतं, पाणी उडून जातं आणि क्षार वरच राहतात, त्यामुळे मे महिन्यातला वरचा थर भयंकर दिसतो आणि तेच रान चांगल्या पावसानंतर मोजलं तर आकडा खाली आलेला असतो. तर महिना सांगायचाच, नुसतं "नमुने गोळा केले" म्हणू नको. दुसरा प्रश्न खोलीचा. वरच्या वितीभर मातीवरून उसाचं काय सांगणार? आपण 30, 60 आणि 90 सेंमीपर्यंत तीन थर घेतलेत ही जमेची बाजू आहे आणि ती तू स्लाइडवर एका कोपऱ्यात बारीक अक्षरात टाकलीस, ती मोठी कर.

आता माझा भाग, इथं जरा थांबते कारण खरा खड्डा इथंच आहे. आपल्या स्लाइडवर लिहिलंय की ईसी, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, 4 च्या वर असेल तर जमीन क्षारयुक्त, आणि त्याच्याच खाली आपला तिसरा नमुना आहे, ईसी 1.6, पीएच 8.2, ईएसपी म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचा टक्का 9, आणि त्याला आपण क्षारयुक्त म्हटलंय. कुणीही शहाणा माणूस विचारणार, "1.6 म्हणजे 4 पेक्षा कमी ना, मग क्षारयुक्त कशी?" आणि हा प्रश्न बरोबर आहे.

उत्तर असं आहे. ती 4 डेसीसायमन प्रति मीटरची मर्यादा संपृक्त मातीच्या अर्कासाठी आहे, म्हणजे माती फक्त चिंब होईल एवढंच पाणी घालून जो अर्क काढतात त्याच्यासाठी. आपण लॅबमध्ये मोजलं 1:2.5 ने, म्हणजे 100 ग्रॅम मातीला 250 मिली पाणी. आपली काळी चिकण माती चिंब व्हायला 100 ग्रॅमला साधारण 80 मिली पाणी घेते. तेच क्षार तिप्पट पाण्यात पातळ झाले, त्यामुळे आकडा साधारण एक तृतीयांश दिसतो. 1.6 ला तीनने गुणलं की 4.8 च्या आसपास, म्हणजे 4 च्या वर. झालं. पण यावर पुढचा प्रश्न येणारच की हा तीनचा गुणक सगळीकडे चालतो का, तर नाही, हलक्या मातीत चिंब व्हायला पाणी कमी लागतं म्हणून गुणक वाढतो, आणि मातीत मुळातच जिप्सम असेल तर जास्त पाण्यात ते जास्त विरघळतं आणि आपला हिशोब फुगतो. म्हणून "अंदाजे" हा शब्द तोंडातून गेलाच पाहिजे. स्लाइडवर ईसीपुढे 1:2.5 लिही, आजच लिही.

त्यालाच जोडून अजून एक. लोकांना वाटतं 4 च्या खाली ऊस निवांत. तसं नाहीये, उसाची सहनशक्ती संपृक्त अर्कात 1.7 पर्यंतच धरतात आणि त्यापुढे प्रत्येक एकाला उत्पादन साधारण 5.9 टक्के घटतं. आपल्या 4.8 ला लावून बघ, 3.1 गुणिले 5.9, म्हणजे अठरा टक्क्यांच्या आसपास घट. हे गणित फळ्यावर करून दाखवता आलं पाहिजे, कारण शेतकऱ्याला ईसीपेक्षा टनेजच कळतं (आणि बरोबरच आहे त्याचं).

तिसऱ्या भागात सगळे जिप्समवर तुटून पडणार. चूक काय होते, "क्षारपडीला जिप्सम टाका" असं सरसकट बोललं जातं. आपल्या तिसऱ्या नमुन्यात ईएसपी 9 आहे, तिथं सोडियमचा त्रास नाही, क्षार धुवून बाहेर काढायचे आहेत, जिप्सम टाकून काही होणार नाही. पाचवा नमुना वेगळा आहे, पीएच 8.9, ईसी 0.6, ईएसपी 21, ती चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेली. पाऊस पडला की गढूळ पाणी वरच तुंबून राहतं आणि वाळलं की ढेकूळ फुटता फुटत नाही, शेतकऱ्याने असं वर्णन केलं की ओळखायचं की हे जिप्समचं रान. प्रमाण किती म्हणून विचारलं तर असं सांग, ईएसपी 21 वरून 10 वर आणायचं, मातीची कॅटायन धारणक्षमता, म्हणजे सोडियम-कॅल्शियम धरून ठेवायची ताकद, आपली 100 ग्रॅमला 50 मिलिइक्विव्हॅलंट आली, त्याचे 11 टक्के म्हणजे 5.5, आणि वरच्या 15 सेंमीसाठी प्रत्येक एका मिलिइक्विव्हॅलंटला हेक्टरी साधारण 1.7 टन शुद्ध जिप्सम, म्हणजे हेक्टरी साडेनऊ टनाच्या आत, एकरी पावणेचार. बाजारातलं शुद्ध नसतं, त्यामुळे पोत्यावरचा टक्का बघून वाढवायचं.

आणि इथंच हमखास येणारा प्रश्न, "टाकलं होतं, फरक पडला नाही." यावर शेतकऱ्याला खोटं पाडू नको. उलट विचार, चर आहे का. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला हुसकावतो पण तो सोडियम पाण्याबरोबर खाली जाऊन बाहेर पडला पाहिजे, निचराच नसेल तर तो तिथल्या तिथंच फिरतो. मग भूमिगत सच्छिद्र पाइप, साधारण मीटर-सव्वा मीटर खोल, आणि तोंड ओढ्याला. ओढा दुसऱ्याच्या बांधापलीकडे असेल तर एकट्याने होत नाही, आजूबाजूच्यांनी मिळून करावं लागतं, हे स्पष्ट बोल. पाइपातनं निघालेलं खारं पाणी जाणार कुठं, हा प्रश्न एखादा सर विचारणारच. ओढ्यातून ते शेवटी कृष्णेलाच मिळतं, आणि खालच्या गावाने काय करायचं याचं उत्तर आपल्या कामात नाही. हे असंच सांगायचं, "आमच्या अभ्यासात ते मोजलेलं नाही." उगाच "नदीत पातळ होतं" म्हणून वेळ मारून नेऊ नको, पुढचा प्रश्न "किती पातळ" असतो.

उत्तर कोणी द्यायचं ते आधी ठरवू. आकड्याचा प्रश्न आला की मी, रानातला आला की तू, आणि एकीने उत्तर दिल्यावर दुसरीने "याला जोडून" म्हणत पाच मिनिटं खायची नाहीत. प्रश्न कळला नाही तर परत विचारून घ्यायचं, आपल्या सोयीचा प्रश्न समजून उत्तर ठोकायचं नाही.

लॅबची वही बरोबर आण, नुसता फोटो नको. त्यात कुठल्या नमुन्याला किती पाणी घातलं ते लिहिलेलं पान आहे, त्याला चिठ्ठी लावून ठेव. आणि पाचव्या नमुन्याचा ईएसपी परत एकदा तपासून घे, दोन रिडिंगमध्ये मला फरक दिसला.

— तुझी सिनियर ताई